लेट फी माफीचं पत्र: पाठवण्याआधी हे तपासा

हॉस्पिटलमध्ये असताना क्रेडिट कार्डाच्या बिलाची मुदत चुकली असेल, तर घरी आल्यावर आधी थकबाकी भरा, बँकेला पत्र नंतर. बाकी तशीच ठेवून माफी मागितली तर कोणी दाद देत नाही. पत्रात नाव, पत्ता, कार्डाचे शेवटचे चार आकडे. पूर्ण नंबर लिहायचा नाही.

मग पुढचं स्टेटमेंट येऊ द्या, कारण खरा हिशेब तिथे दिसतो. मागच्या वेळी माझ्या पत्रात नेमकं हेच राहिलं: मी फक्त लेट फी मागितली आणि फक्त लेट फीच परत आली. व्याज वेगळं मागावं लागतं. समजा, 10 मे रोजी 24,000 रुपयांची एकच खरेदी झाली, बिलाची मुदत 12 जून होती आणि तुम्ही 18 जूनला सगळे पैसे भरले. लेट फी 950 रुपये. पण मुदत चुकली की बिनव्याजी काळ रद्द होतो आणि व्याज खरेदीच्या तारखेपासून लागतं. महिना साडेतीन टक्क्यांनी 39 दिवसांचे साधारण 1,077 रुपये होतात, म्हणजे फीपेक्षा जास्त! शिवाय दोन्हींवर 18 टक्के जीएसटी, 171 आणि 194. एकूण 2,392. म्हणून पत्रात चारही रकमा स्वतंत्र ओळींत लिहा: लेट फी, तिच्यावरचा जीएसटी, व्याज, त्यावरचा जीएसटी. ‘सर्व शुल्क माफ करावे’ असं मोघम लिहू नका. व्याज, व्याज, व्याज. पाठवण्याआधी हा शब्द पत्रात शोधून बघा.

तारखा ठळक हव्यात. ‘9 जूनला दाखल, 17 जूनला डिस्चार्ज, मुदत 12 जून, भरणा 18 जून’ एवढं एक वाक्य पुरतं. आजाराची कहाणी नको. सोबत डिस्चार्ज समरीचं तारखा दिसणारं पान जोडा, निदान झाकलं तरी चालतं. आधीची बिलं वेळेवर भरली असतील तर तेही एका ओळीत सांगा.

मुदतीनंतर तीन दिवसांच्या आत पैसे भरले असतील तर माफी मागूच नका. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार तीन दिवसांपेक्षा जास्त उशीर झाल्याशिवाय लेट फी लावता येत नाही. तिथे सरळ चूक दुरुस्त करायला सांगा. त्यापुढचा उशीर असेल तर माफी बँकेच्या मर्जीवर असते, तेव्हा भाषा विनंतीची ठेवा.

नोंदणी केलेल्या ईमेलवरूनच पाठवा आणि तक्रार क्रमांक घ्या. फोनवरच्या ‘हो, होईल’वर थांबू नका. नियम मोडून फी लावली असेल आणि 30 दिवसांत उत्तर आलं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. पैसे जमा झाले की चार ओळींशी ताळा करा. व्याजाची ओळ आधी बघा.