फेज प्लेन काढताय? इक्विलिब्रियम आणि स्टॅबिलिटीच्या या चुका टाळा

आमच्याकडे नाशिकला एमएस्सी मॅथ्सची पोरं नॉनलिनिअर सिस्टिमचा प्रश्न घेऊन येतात तेव्हा थिअरी बहुतेकांना येत असते, सॅडल म्हणजे काय, स्पायरल म्हणजे काय, सगळं पाठ. गाडी अडते ती प्रत्यक्ष गणितात, आणि अडते पण ठरलेल्या जागीच. म्हणून एकच सिस्टिम घेऊन शेवटपर्यंत जाऊ.

निफाड-पिंपळगावकडच्या द्राक्षबागेत मिलीबग असतो, आपले शेतकरी ज्याला पिठ्या ढेकूण म्हणतात तो, आणि त्याला खायला क्रिप्टोलेमस नावाचा मित्रकीटक बागेत मुद्दाम सोडतात. x म्हणजे मिलीबग, y म्हणजे क्रिप्टोलेमस. आकडे स्केल केलेले आहेत, त्यामुळे 1 म्हणजे एक किडा असं समजू नका, आणि हे बागेचं मोजमापही नाही, सरावाचं मॉडेल आहे.

```
x' = x(3 - x - y)
y' = y(x - 1)
```

3 ही मिलीबगची वाढ, -x ही त्यांची आपापसातली गर्दी, -y मुळे ते खाल्ले जातात, आणि दुसऱ्या ओळीतला -1 म्हणजे खायला काही नसेल तर क्रिप्टोलेमस मरत जाणार.

पहिली चूक इक्विलिब्रियम शोधतानाच होते. x' = 0 लिहिलं की हात आपोआप x कॅन्सल करतो, मग y पण कॅन्सल होतो, उरतं x = 1 आणि y = 2, झालं, एकच पॉइंट! बाकीचे दोन गेले. x ने भागायचं तर x शून्य नाही असं आधी धरावं लागतं, आणि आपल्याला तर शून्याची केसही हवी आहे. याच्या उलट चूक म्हणजे जास्तीचे पॉइंट. पोरं x = 0, y = 0, x + y = 3 आणि x = 1 या चारही रेषा एकाच पेनाने काढतात आणि जिथे जिथे छेद दिसेल तिथे ठिपका देतात, त्यात (0, 3) आणि (1, 0) पण येतात. आता (0, 3) हा x = 0 आणि x + y = 3 यांचा छेद आहे, पण या दोन्ही रेषा x' च्याच नलक्लाइन आहेत, तिथे y' काढून बघा, -3 येतं, म्हणजे पॉइंट खाली सरकतोय. दोन रंगाची पेनं घ्या, x' च्या रेषा निळ्या, y' च्या लाल, आणि निळा-लाल छेद तेवढाच मोजा. उरतात (0, 0), (3, 0) आणि (1, 2). तरी शंका असेल तर पॉइंट दोन्ही समीकरणांत टाकून बघा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

दुसरी चूक जॅकोबियनची, आणि ही जरा लबाड आहे. प्रॉडक्ट रूल विसरून फक्त कंसाच्या आतलं डिफरन्शिएट करतात आणि बाहेरचा x तसाच ठेवतात. बरोबर जॅकोबियन असा:

```
[ 3 - 2x - y    -x   ]
[     y        x - 1 ]
```

चुकीच्या पद्धतीने पहिल्या जागी नुसतं -x येतं आणि शेवटच्या जागी 0. गंमत अशी की (1, 2) वर दोन्ही मॅट्रिक्स सारख्याच निघतात, कारण तिथे दोन्ही कंस आपोआप शून्य असतात आणि विसरलेली टर्म नाहीतरी गेलीच असती. उत्तर बरोबर येतं, पोरगं खूश, आणि मग (3, 0) वर गाडी फसते. खरा जॅकोबियन तिथे -3 आणि 2 या आयगेनव्हॅल्यू देतो, म्हणजे सरळ सॅडल, पण चुकीचा देतो -3 आणि 0. (0, 0) वर तर चुकीच्या पद्धतीने अख्खी मॅट्रिक्स शून्य येते, खरं उत्तर 3 आणि -1, म्हणजे परत सॅडल. तेव्हा अशा साध्या प्रश्नात अचानक शून्य आयगेनव्हॅल्यू दिसली तर नवीन थिअरी शोधायच्या आधी डेरिव्हेटिव्ह परत तपासा. आणि अर्थ लावून बघा ना: (3, 0) म्हणजे बागेत फक्त मिलीबग, तिथे थोडे क्रिप्टोलेमस सोडले तर त्यांना खायला भरपूर, ते वाढणारच, मग तो पॉइंट स्टेबल कसा असेल?

(1, 2) वर ट्रेस -1, डिटर्मिनंट 2. ट्रेसचा वर्ग वजा चार डिटर्मिनंट म्हणजे 1 - 8 = -7, निगेटिव्ह, म्हणून स्टेबल स्पायरल. फिरायची दिशा अंदाजाने काढू नका, पॉइंटच्या जरा उजवीकडे x > 1 असतो, तिथे y' पॉझिटिव्ह, म्हणजे बाण वर, म्हणजे घड्याळाच्या उलट.

आता तिसरी, जिथे हुशार पोरंही फसतात. गर्दीची टर्म काढा, पॉइंट (1, 2) वरच राहावा म्हणून 3 च्या जागी 2 घ्या, म्हणजे x' = x(2 - y), y' तेच ठेवा. (1, 2) वर ट्रेस 0, डिटर्मिनंट 2, आणि लगेच लिहितात "सेंटर". उत्तर इथे बरोबर आहे, पण कारण चुकीचं. हार्टमन आणि ग्रोबमन यांचं थिअरम आयगेनव्हॅल्यूचा रिअल पार्ट शून्य नसेल तेव्हाच नॉनलिनिअर सिस्टिमबद्दल बोलू देतं, शून्य असेल तर जॅकोबियन गप्प बसतो. विश्वास बसत नसेल तर हे घ्या:

```
x' =  y - x^3
y' = -x - y^3
```

शून्यापाशी जॅकोबियन म्हणतो सेंटर, पण xx' + yy' काढा, -(x^4 + y^4) येतं, म्हणजे अंतर सतत कमी होतंय आणि सगळं आत येतंय. घनांच्या चिन्हांचे प्लस करा, सगळं बाहेर जाईल, जॅकोबियन मात्र तिन्ही वेळा त्याच जातीचा. आपल्या गर्दी नसलेल्या सिस्टिममध्ये सेंटर म्हणायचा हक्क मिळतो तो H = x - ln x + y - 2 ln y यामुळे, ज्याचा डेरिव्हेटिव्ह रस्त्यावर सगळीकडे शून्य येतो आणि ज्याला (1, 2) वर मिनिमम आहे, म्हणून आजूबाजूचे सगळे रस्ते बंद लूप. असं काही सापडलं नाही तर "लिनिअरायझेशनवरून ठरत नाही" असं लिहा, तेच बरोबर उत्तर आहे.

शेवटची कॉम्प्युटरवरची. एक्सेलमध्ये ऑयलर मेथड लावून मूळ सिस्टिम चालवतात आणि येऊन सांगतात सर स्पायरल बाहेर जातोय, तुमचं उत्तर चुकलं. स्टेप किती घेतली विचारलं तर 0.6. या पॉइंटपाशी ऑयलरच्या प्रत्येक स्टेपला अंतराचा वर्ग साधारण 1 - h + 2h² पटीने बदलतो, h = 0.6 टाकलं तर 1.12, वाढणारच ना. h = 0.5 ला बरोबर 1, म्हणजे खोटा सेंटर मिळेल, आणि त्याखाली खरं चित्र. यावर पेनाने करायची तपासणी पण आहे, डुलॅकची: दोन्ही उजव्या बाजू xy ने भागून डायव्हर्जन्स काढा, -1/y येतो, पहिल्या क्वाड्रंटमध्ये कायम निगेटिव्ह, म्हणजे तिथे बंद लूप असूच शकत नाही. तरीही स्क्रीनवर लूप दिसला तर दोष स्टेपचा.

खऱ्या सेंटरला तर ऑयलर कितीही बारीक स्टेपला थोडा बाहेरच ढकलतो, h = 0.1 ला एका फेरीत जवळपास दीडपट. पायथनचं `solve_ivp` वापरत असाल तरी त्याचा डिफॉल्ट `rtol` 1e-3 आहे, लांब पल्ल्याच्या रनमध्ये लूप नीट मिटत नाही. `rtol=1e-9, atol=1e-9` द्या आणि सोबत H ची किंमत प्रिंट करत चला, ती हळूहळू सरकायला लागली तर सिस्टिमला नाही, सॉल्व्हरला पकडा.