कोल्हापुरीच्या जागी बूट: सावली न हलवता

नवी पेठेतल्या स्टुडिओत लागून मला दोनच महिने झाले होते. बायोडाटासाठी एका मुलाचा उभा फोटो आला. सिद्धेश्वर तलावाच्या काठी दुपारच्या उन्हात काढलेला, अंगात छान ब्लेझर आणि पायात कोल्हापुरी. घरच्यांना बूट हवे होते.

मी नेटवरून बूट उचलले, फोटोशॉपमध्ये पायावर बसवले, खाली Drop Shadow टाकली. मालकमामा मागून म्हणाले, "हवेत उभा केलास की रे त्याला!"

चूक दोन ठिकाणी होती. बुटाची टाच चपलेपेक्षा जाड, म्हणून तळ मावावा यासाठी मी अख्खा माणूस थोडा वर सरकवला होता. त्यामुळे पाय सावलीपासून सुटले. शिवाय फोटोत ऊन उजवीकडून येत होतं आणि माझी नवी सावली भलतीकडेच पडली होती.

दुसऱ्या वेळी माणसाला हातच लावला नाही. मामांचे काळे बूट घेतले, टाच बेताचीच. फोटोतल्याइतक्याच उंचीवर कॅमेरा ठेवून, ऊन त्याच बाजूनं येईल असं बघून दोन्ही पायांचे वेगळे फोटो काढले. एकच बूट आरशासारखा उलटवला तर चमक चुकीच्या बाजूला जाते, आणि माणसाचे दोन पाय तसेही एकाच कोनात नसतात.

मग प्रत्येक बूट आपापल्या लेअरवर. चपलेचा तळ जमिनीला जिथं टेकला होता, त्याच रेषेवर बुटाचा तळ बसवायचा. आधी टाच, मग Warp नं चवडा. बुटाची वाढीव उंची वर जाते; पँटच्या मोहरीची कॉपी बुटाच्या वरच्या लेअरला ठेवली की तिथं झाकून जाते.

आता सावली. मूळची लांब सावली जशीच्या तशी राहू द्यायची. चपलेचा जो भाग बुटाबाहेर डोकावतो तेवढाच क्लोन स्टँपनं पुसायचा: उन्हातल्या फरशीवर उन्हातली फरशी, सावलीत सावलीचीच. इथं घाई केली तर काळोख्या पट्ट्यात उजळ डाग राहतो.

बुटाखाली मात्र एक बारीक गडद रेघ नव्यानं काढावी लागते. वेगळ्या लेअरवर, Multiply मोडमध्ये, रंग त्याच फोटोतल्या सावलीतून उचललेला. निव्वळ काळा घेतला तर कोळसा फासल्यासारखं दिसतं. तळाला घट्ट आणि बाहेर जाता जाता विरळ. माझ्या हातून ती नेहमी जाड व्हायची, अजूनही होते.

झाल्यावर फोटो मोबाईलवर दिसेल इतका लहान करून बघितला. पाय जमिनीवर होते.

पँट घोट्याच्या वर चढलेली असेल तर हे सगळं अडतं. झाकायला मोहरीच नसते, मग मोजे आणि घोटा दोन्ही नव्यानं बसवावे लागतात. असा फोटो आला की मी गिऱ्हाइकाला आधीच विचारतो, "बूट घालून परत काढायला येता का?"