धड्याच्या व्हिडिओत प्रश्न नेमका कोठे थांबवावा : समांतर जोडणीच्या एका पाठाचा अनुभव

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो आणि आमच्या शाळेच्या Moodle या ऑनलाइन शिक्षणमंचावर H5P हे साधन वापरून व्हिडिओंमध्ये प्रश्न घालतो. हे काम नव्याने हाती घेणारे शिक्षक पहिला प्रश्न विचारतात तो साधनाविषयी. साधन मात्र एका दुपारी हाताशी बसते. खरा वेळ जातो तो प्रश्न कोणत्या सेकंदाला यावा, त्यातले चुकीचे पर्याय कोणते असावेत आणि चूक झाल्यावर विद्यार्थ्याला व्हिडिओत कोठे परत न्यावे, हे ठरवण्यात. म्हणून येथे एकाच पाठाचे काम सविस्तर सांगतो. पाठ इयत्ता नववीच्या धाराविद्युत या प्रकरणातला, रोधांच्या समांतर जोडणीचा, आणि व्हिडिओ ८ मिनिटे ४० सेकंदांचा होता.

प्रश्न आधी लिहून मग जागा शोधण्याची चूक मी सुरुवातीला केली. आता संपूर्ण व्हिडिओ कागद-पेन्सिल घेऊन पाहतो आणि जेथे वर्गात मी स्वतः थांबून मुलांच्या चेहऱ्यांकडे पाहिले असते, तेथील वेळ लिहून ठेवतो. या पाठात अशा तीन जागा निघाल्या. ३:२४ ला दुसरा रोध समांतर जोडला जातो, पण परिणामी रोध वाढेल की घटेल हे अजून सांगितलेले नसते. ५:०६ ला ६ ओहम आणि ३ ओहमचे उदाहरण फळ्यावर मांडून होते, पण सोडवलेले नसते. ७:३० ला उदाहरण संपून घरातल्या वायरिंगचा विषय सुरू होणार असतो. पहिल्या दोन्ही जागा उत्तर सांगण्याच्या आधीच्या आहेत, हे लक्षात घ्यावे. उत्तर सांगून झाल्यावर विचारलेला प्रश्न केवळ कानांची परीक्षा घेतो.

नुसता विराम पुरेसा आहे का, असे मला बरेच दिवस वाटत असे. अमेरिकेतील तीन संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात संख्याशास्त्राचे सुमारे २१ मिनिटांचे ध्वनिचित्रित व्याख्यान चार भागांत दाखवले होते. प्रत्येक भागानंतर ज्यांची छोटी चाचणी घेतली त्यांचे मन कमी भरकटले आणि त्यांनी टिपणेही अधिक काढली. ज्यांना तोच मजकूर उत्तरांसह पुन्हा वाचायला दिला त्यांना तसा लाभ झाला नाही. तेव्हापासून माझ्या विरामात विद्यार्थ्याच्या हाताला काहीतरी काम असतेच. ७:३० च्या विरामात प्रश्न नाही, केवळ एक मजकूर आहे : ‘दोन दिवे आणि एक पंखा यांची समांतर जोडणी वहीत काढा, मग पुढे चला.’ त्याला गुण नाहीत, आणि वह्या दुसऱ्या दिवशी वर्गात पाहता येतात.

आता ५:०६ चा प्रश्न. परिणामी रोध किती, असे विचारून मी चार पर्याय दिले : २, ९, ४.५ आणि १/२ ओहम. बरोबर उत्तर २. बाकीचे तिन्ही जुन्या उत्तरपत्रिकांतून उचलले आहेत. ९ म्हणणाऱ्याने एकसर जोडणीप्रमाणे बेरीज केली, ४.५ म्हणणाऱ्याने सरासरी काढली, आणि १/२ म्हणणाऱ्याने १/६ + १/३ हे गणित अचूक करूनही शेवटचा व्यस्त घेतला नाही. हा शेवटचा विद्यार्थी उत्तराच्या अगदी जवळ आहे, त्याला ‘चूक’ एवढेच सांगणे अन्यायाचे होईल. बहुपर्यायी प्रश्नात प्रत्येक पर्यायाला वेगळा अभिप्राय लिहिता येतो; त्याच्यासाठी मी लिहिले, ‘हे १/R आले, R किती?’ मात्र Action on wrong या खणात परत नेण्याची वेळ संपूर्ण प्रश्नासाठी एकच देता येते. पर्यायागणिक वेगवेगळ्या ठिकाणी न्यायचे असेल तर Crossroads वापरावे लागते, परंतु त्यात गुण मिळत नाहीत. मी एकच वेळ दिली, ४:१२, जेथे सूत्राची मांडणी सुरू होते. व्हिडिओच्या आरंभी पाठवले असते तर मुलांनी दुसऱ्यांदा उत्तर अंदाजानेच दिले असते.

प्रत्यक्ष जोडणीत दोन गोष्टी माझ्याकडून सुटल्या होत्या. प्रश्न घालताना त्याचा दिसण्याचा काळ आपोआप दहा सेकंदांचा येतो आणि Pause video ही खूण आपण करावी लागते. मी ती विसरलो, आणि पहिल्या दिवशी प्रश्नाचे बटण दहा सेकंद दिसून निघून गेले. निम्म्या मुलांनी प्रश्न पाहिलाच नव्हता. दुसरी गोष्ट अशी की पहिल्या मसुद्यात हा प्रश्न ५:०८ ला होता, आणि त्या क्षणी मागच्या फळ्यावर उत्तराची पहिली ओळ उमटलेली होती. विराम नेहमी वाक्य संपल्यावर, पण चित्र बदलण्याच्या आधी घ्यावा. त्यासाठी तो भाग दोन-तीनदा चालवून पाहण्यावाचून उपाय नाही.

गाळलेल्या जागा भरण्याचा प्रश्न मराठी माध्यमात विशेष सांभाळून वापरावा. काही मुलांच्या कळफलकावर 2 उमटतो, काहींच्या २, आणि यंत्राच्या दृष्टीने ती दोन भिन्न उत्तरे आहेत. दोन्ही मान्य करण्यासाठी असे लिहावे :

```
परिणामी रोध *2/२* ओहम आहे.
```

येथे तिरपी रेघ ‘किंवा’ असा अर्थ सांगते. त्यामुळे उत्तर म्हणून अपूर्णांक लिहिला तर तो एक उत्तर न राहता दोन पर्यायी उत्तरे ठरतो आणि १/२ ऐवजी नुसता २ लिहिणाराही बरोबर ठरतो. म्हणून अपूर्णांक मी बहुपर्यायी प्रश्नातच ठेवतो. शब्दांच्या ऱ्हस्व-दीर्घावरही मुलांचे गुण जातात. विज्ञानाच्या पाठात ते जाऊ नयेत असे माझे मत आहे.

विद्यार्थ्याला पुढे सरकता येऊ नये अशीही सोय आहे. ती मी महिनाभर वापरून बंद केली, कारण नेट तुटले की आमच्याकडे मुलांना व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून पाहावा लागे, आणि परीक्षेआधी उजळणी करणाऱ्याला हवा तो भाग गाठता येत नसे. आणखी एक तक्रार वारंवार येते ती गुण न दिसण्याची. मुले सर्व प्रश्न सोडवतात, पण शेवटच्या पडद्यावरील Submit Answers दाबत नाहीत, आणि तोवर गुण नोंदवहीत जात नाहीत. आता शेवटच्या दहा सेकंदांत मी ते तोंडीच सांगतो.

पहिल्या तुकडीच्या प्रयत्नांचा अहवाल उघडला तेव्हा चुकीच्या उत्तरांत १/२ सर्वांत पुढे होते. व्हिडिओ पुन्हा पाहिला तर दोष माझाच निघाला. व्यस्त घेण्याची पायरी मी बोलता बोलता उरकली होती, फळ्यावर लिहिलीच नव्हती. तेवढा भाग नव्याने चित्रित केला आणि व्हिडिओ १८ सेकंदांनी लांबला. प्रश्नांच्या वेळा आपोआप सरकत नाहीत, त्यामुळे सर्व वेळा, त्यात परत नेण्याची ४:१२ ही वेळसुद्धा, हाताने तपासाव्या लागल्या. ती आणि ३:२४ या दोन्ही जागा दुरुस्तीच्या आधी येत असल्याने जशाच्या तशा राहिल्या. ५:०६ चा विराम ५:२४ ला गेला आणि ७:३० चा ७:४८ ला.