पन्नाशीनंतर नोकरी शोधताना मी केलेल्या या चुका टाळा: बडोद्याच्या ट्रान्सफॉर्मर लाइनमधून

नोकरी सुटली तेव्हा मला बावन्न पूर्ण झाली होती. ट्रान्सफॉर्मर बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीत सव्वीस वर्षं काढली होती, त्यातली शेवटची अकरा टेस्टिंग आणि क्वालिटीत. दोन विभाग एक झाले, दोन मॅनेजरांपैकी एकच ठेवायचा ठरला, आणि महाग होतो मी. पुढचे सात महिने दांडियाबाजारातल्या घरी बसून दोनशेच्या वर अर्ज टाकले. फोन आले तीन. त्यातल्या एका पोरीने जन्मसाल विचारलं आणि ‘कळवते’ म्हणाली.

आता चार वर्षं झाली. बडोद्याजवळच्या पोर आणि सावली या गावांच्या बाजूला दोन लहान युनिटांत माझं काम चालू आहे. ते सात महिने का वाया गेले, ते माझ्यासारख्या हाताने काम केलेल्या माणसांसाठी लिहितो. ज्यांची सगळी हयात एच.आर. किंवा ॲडमिनमध्ये गेली, त्यांना यातलं निम्मंच लागू पडेल.

चूक पहिली: पोरांच्या रांगेत उभं राहणं

जॉब पोर्टलवर जाहिरात टाकणारा अनुभवाची हद्द घालतो, समजा आठ ते बारा वर्षं. सव्वीस वर्षंवाला त्या चाळणीत दिसतच नाही. दिसला तरी समोरचा विचार करतो की ह्याला पगार जास्त लागणार, आणि ज्याच्या हाताखाली काम करायचं तो ह्याच्याहून पंधरा वर्षांनी लहान. मी वय लपवायचेही प्रयोग केले. बायोडेटातून पदवीचं साल काढलं, मिशीला कलप लावला. मुलाखतीच्या खोलीत शिरल्यावर दोन्हींचा उपयोग शून्य.

मोठ्या कंपनीत तुमचा अनुभव आधीच कागदावर उतरलेला असतो. तिथे कार्यपद्धती लिहिलेल्या असतात, ट्रेनिंग असतं, सल्लागार असतात. पंचवीस वर्षांचा मुलगा त्या कागदावर काम काढून नेतो. अनुभवाला गिऱ्हाईक मिळतं ते जिथे कागद नाही आणि चुकीचा दंड मात्र रोख भरावा लागतो, तिथे. आमच्या धंद्यात असं ठिकाण म्हणजे वीज वितरण कंपन्यांना माल पुरवणारं लहान युनिट. डिस्पॅचआधी गिऱ्हाइकाचा इन्स्पेक्टर येतो, लॉटमधले काही जॉब, म्हणजे तयार ट्रान्सफॉर्मर, उचलून टेस्ट करायला लावतो. ते नापास झाले की अख्खा लॉट अडकतो, भांडवल अडकतं, उशिराचा दंड वेगळा. अशा शेठला तुमचं वय दिसत नाही, अडकलेला लॉट दिसतो.

चूक दुसरी: बायोडेटात हुद्दे लिहिणं

माझा जुना बायोडेटा चार पानांचा होता. पहिली ओळ अशी: ‘क्वालिटी ॲश्युरन्स क्षेत्रातील २६ वर्षांचा समृद्ध अनुभव, टीम लीडरशिप, ग्राहक समन्वय.’ हे वाचून कोणाला काय कळणार?

नवा एका पानाचा आहे. त्यातली एक ओळ: ‘लोड लॉसमध्ये नापास झालेल्या जॉबचं कारण टेस्टिंगमध्ये आहे की वाइंडिंगमध्ये, हे जॉब न उघडता सांगतो.’ पहिलं काम देणाऱ्या शेठने हीच ओळ बोटाने दाखवून विचारलं होतं, “कसं?”

झालं होतं असं. त्यांचे तांब्याच्या वाइंडिंगचे काही जॉब लोड लॉसमध्ये, म्हणजे भार असताना गुंडाळीत उष्णता होऊन वाया जाणाऱ्या विजेत, हद्दीच्या जरासे वर जात होते. डिझाइनवाल्याचं म्हणणं, तांबं वाढवा. म्हणजे प्रत्येक जॉबमागे खर्च. मी टेस्टिंगला अर्धा दिवस नुसता उभा राहिलो. दुपारी ओव्हनमधून निघालेला जॉब टाकीत बसला, गरम तेल भरलं गेलं आणि तासाभरात तो टेस्टिंगला आला. टेस्टिंगच्या मुलाने भिंतीवरचा थर्मामीटर पाहून रिपोर्टात ३२ अंश लिहिलं. वाइंडिंग तेव्हा ४५च्या आसपास असणार.

लोड लॉस मोजतात त्या वेळच्या तापमानाला आणि मग हिशेबाने ७५ अंशांवर नेतात. तांब्यासाठी गुणक असतो (२३५ + ७५) भागिले (२३५ + मोजतानाचं तापमान). ३२ धरलं तर गुणक १.१६१ येतो, ४५ धरलं तर १.१०७. समजा मीटरवर १३२० वॉट दिसले आणि हद्द १५०० आहे. पहिल्या हिशेबाने १५३३, जॉब नापास. दुसऱ्याने १४६१, पास. (लॉसचा स्ट्रे भाग उलटा वागतो, पण लहान जॉबात तो थोडा असतो, म्हणून इथे सोडला.) जॉब चांगला होता, लिहिलेला आकडा चुकीचा होता. उपाय फुकटचा: तेल भरल्यावर जॉब रात्रभर राहू द्या, वरच्या आणि खालच्या तेलाचं तापमान जुळलं की सकाळी टेस्ट करा आणि भिंतीचं नाही, तेलाचं तापमान लिहा.

ही गोष्ट इतकी लांबवून सांगतोय कारण प्रत्येकाकडे अशा तीन-चार असतात आणि आपण त्या बायोडेटात कधीच लिहीत नाही. फार्मातल्या माणसाकडे बॅच फेल होण्याच्या असतील, फाउंड्रीतल्याकडे ब्लो-होलच्या. बसा आणि लिहून काढा: काय बिघडलं होतं, कशावरून ओळखलं, काय बदललं, किती वाचलं. ज्या गोष्टीत ‘कशावरून ओळखलं’ याचं उत्तर नाही, ती काढून टाका. ते तुमचं काम नव्हतं, तुमच्या विभागाचं होतं.

चूक तिसरी: जाहिरातीची वाट पाहणं

लहान युनिटं अशा कामाची जाहिरात देत नाहीत, कारण असा माणूस मिळू शकतो हेच त्यांना माहीत नसतं. त्यांना आपणच शोधावं लागतं, आणि नावं उघड्यावर पडलेली असतात.

२०१५च्या क्वालिटी कंट्रोल ऑर्डरनंतर वितरण ट्रान्सफॉर्मरवर आयएसआय मार्क सक्तीचा झाला. मानक `IS 1180`. भारतीय मानक ब्युरोच्या, म्हणजे बीआयएसच्या, संकेतस्थळावर मानकाचा क्रमांक टाकून परवानाधारक शोधता येतात. मी तिथून बडोदा आणि आसपासची नावं उतरवून घेतली. दुसरा रस्ता टेंडरचा. गुजरातच्या सरकारी वीज कंपन्यांची मुख्य कंपनी आपल्याच बडोद्यातल्या रेसकोर्स भागात आहे आणि त्यांची टेंडरं ऑनलाइन निघतात. ज्या लहान युनिटाला त्याच्या आवाक्याहून मोठी ऑर्डर लागली, त्याला पुढच्या दोन महिन्यांत टेस्टिंगचा माणूस लागणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

तिसरी यादी सगळ्यात कामाची आणि मला सगळ्यात उशिरा सुचली: ज्या व्हेंडरांचा माल मी सव्वीस वर्षं तपासत होतो ते. टाकीवाले, रेडिएटरवाले, गाभ्याच्या पोलादी पट्ट्या, म्हणजे सीआरजीओ लॅमिनेशन, कापणारे. मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत यातले कित्येक जण मला नावाने ओळखत होते. मी त्यांचा माल परत पाठवला होता, तरीही. खरं म्हणजे म्हणूनच.

एक पथ्य मात्र पाळा. जुन्या कंपनीची ड्रॉइंग, कॉस्टिंग शीट, गिऱ्हाइकांचे भाव पेनड्राइव्हमध्ये घालून दाखवायला नेऊ नका. शेठ खूश होईल, कागद ठेवून घेईल, आणि हा माणूस उद्या माझेही कागद असेच विकेल हे मनात लिहून ठेवेल. कायद्याचं लचांड वेगळंच.

चूक चौथी: शेवटचा पगार सांगून बसणं

पहिल्या भेटीतच मी सांगून टाकलं, चौदा लाखांचं पॅकेज होतं. शेठ हसून म्हणाले, “साहेब, तमारो पगार मने नहीं पोसाय.” म्हणजे तुमचा पगार मला परवडणार नाही. चहा आला, चहा झाला, मी घरी.

चूक आकड्यात नव्हती, मापात होती. लहान युनिटाला महिन्याचे सव्वीस दिवस क्वालिटी मॅनेजर लागतच नाही. त्याला आठवड्याचे दोन-तीन दिवस आणि इन्स्पेक्शनची तारीख लागते. पुढच्या ठिकाणी मी वेगळं मांडलं: महिन्याचे बारा दिवस, दिवसाचे चार हजार, तीन महिने बघा. होतात अठ्ठेचाळीस हजार. तेवढे त्यांना झेपले. सहा महिन्यांनी सावलीच्या बाजूला दुसरं युनिट त्याच बोलीवर मिळालं, आणि दोन्ही मिळून जुन्या हातात पडणाऱ्या पगाराच्या जवळ गेलो.

यात पीएफ नाही, रजा नाही, मेडिक्लेम आपला आपण काढायचा. पैसे व्यावसायिक फी म्हणून टीडीएस कापून येतात, तेव्हा वर्षाच्या सुरुवातीलाच सीएकडे जाऊन या. जुना पीएफ घाईने काढू नका. पीएफसोबतच्या ईपीएस योजनेची पेन्शन दहा वर्षांच्या नोकरीनंतर पन्नाशीपासून घेता येते खरी, पण अठ्ठावन्नच्या आधी घेतल्यास दर वर्षामागे चार टक्क्यांनी कापली जाते आणि ती कापलेलीच राहते.

पैसे पंधरवड्याला मागा. लहान युनिटाचा पैसा वरून अडकला की पहिला थांबतो तो सल्लागाराचा, कामगारांचा नंतर. मी एकदा अडीच महिने थांबलो, पुन्हा थांबणार नाही.

कुठून उठून यावं

पहिल्या भेटीत एक प्रश्न आला की समजून जा: “इन्स्पेक्टर ओळखीचा आहे ना?” म्हणजे तुमचं ज्ञान नको, ओळख हवी. माझी ओळख आहे, पण ती विकायला काढली की दोन इन्स्पेक्शनांत संपते आणि नावही त्याबरोबर जातं. दुसरी खूण: शेठ म्हणतो, रिपोर्टवर सही तेवढी करा, यायची गरज नाही. चहा प्यावा आणि उठावं.

एक खूण उलटीही आहे. शेठचा मुलगा इंजिनिअरिंग करून नुकताच धंद्यात आलाय आणि बाप त्याला भेटीत शेजारी बसवतो, तर जागा चांगली. तिथे ‘आमच्या कंपनीत असं नव्हतं’ हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका. मी पहिल्या महिन्यात ते इतकं वापरलं की पोरगा एकदा म्हणाला, “काका, मग तिथलं टेस्टिंग पॅनेलपण घेऊन यायचं ना.”

बरोबर होतं त्याचं. त्या दिवसापासून मी आधी त्यांच्याकडे काय आहे ते बघतो. पहिली खरेदी मी त्यांना करायला लावली ती तेलाच्या पॉकेटात बसणाऱ्या दोन थर्मामीटरांची.