हॉलमध्ये पन्नास, झूमवर तीस: भाषणाआधीची तयारी

नौपाड्यातल्या एका सोसायटीत पुनर्विकासावर चाळीस मिनिटं बोलायचं आहे असं धरू. हॉलमध्ये पन्नास सभासद, झूमवर तीस. त्यातले काही पुण्यात, काही परदेशात. तयारी आवाजापासून सुरू करा. चित्र अडखळलं तर माणसं थोडं सांभाळून घेतात, आवाज तुटला की उठून जातात.

लॅपटॉपच्या माइकवर विसंबू नका. तीन-चार मीटरवरून तो वक्त्याबरोबर पंख्याची घरघर आणि हॉलचा घुमारा उचलतो. वक्त्याला कॉलर माइक, सभासदांसाठी हातातला माइक, आणि दोन्ही मिक्सरला. मिक्सरमधून एक वायर हॉलच्या स्पीकरला. दुसरी ऑक्समधून, म्हणजे मिक्सरच्या वेगळ्या आउटपुटमधून, यूएसबी साउंड कार्डमार्गे लॅपटॉपला. लॅपटॉपचा आवाजही मिक्सरमध्ये घ्या, म्हणजे पुण्याहून आलेला प्रश्न हॉलला ऐकू येईल. मात्र लॅपटॉपच्या चॅनलवरचं ऑक्सचं बटण पूर्ण शून्यावर हवं. नाहीतर पुणेकर सभासदाला स्वतःचंच बोलणं क्षणभराने परत ऐकू येतं आणि तो अडखळायला लागतो.

हॉलमध्ये बसून हा दोष कळतच नाही. म्हणून आदल्या दिवशी एकाला मोबाइल डेटावर झूमला जोडा आणि इअरफोन लावून खाली गेटपाशी पाठवा. वक्त्याने बोलावं, मागच्या रांगेतून कुणी प्रश्न विचारावा आणि गेटवरच्यानेही एक वाक्य बोलावं. तिन्ही आवाज दोन्हीकडे स्वच्छ पोचले तरच मिक्सरची बटणं आहेत तिथे चिकटपट्टी लावून ठेवा.

आता खुद्द बोलणं. स्क्रीनवर लेझर पॉइंटर फिरवला तर झूमवर स्लाइड बघणाऱ्यांना तो ठिपका दिसत नाही. पॉवरपॉइंटमध्ये स्लाइड शो चालू असताना `Ctrl + L` दाबा. तो लाल ठिपका दोघांनाही दिसतो. तरीही ‘हा आकडा बघा’ असं न म्हणता ‘तिसऱ्या ओळीतला कार्पेट एरिया’ असं म्हणायची सवय लावा. फोनवर नुसतं ऐकणाऱ्यालाही ते कळतं. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर, पहिल्या रांगेच्या मधोमध ठेवा. म्हणजे हॉलकडे बघतानाच नजर झूमवाल्यांकडेही जाते.

प्रश्नांच्या जागा स्क्रिप्टमध्येच लिहून ठेवा. ‘भाडं किती महिन्यांचं आगाऊ मागाल?’ असं विचारलंत की हॉलमधले हात लगेच वर येतात, झूमवरचा माणूस मात्र अजून टाइप करत असतो. त्यामुळे आधी प्रश्न टाका, पुढची स्लाइड अर्धा मिनिट समजावून सांगा, मग उत्तरं घ्या, आणि पहिलं उत्तर चॅटमधलं वाचा. हॉलमधून माइकविना प्रश्न आला तर उत्तराआधी तो स्वतः पुन्हा म्हणा.

चॅट बघायला एक सभासद वेगळा नेमा. त्याला पहिल्या रांगेत बसवा आणि हातात पिवळा कागद द्या: झूमवर प्रश्न आला की कागद वर.