एका प्रसंगात तिघांची मने, पण दृष्टिकोनाच्या उड्या नाहीत: माझा अनुभव

माझ्या कथेतील वाटणीच्या बैठकीच्या प्रसंगात थोरला मुलगा, धाकटी सून सुमन आणि आई यांचे विचार एकाच परिच्छेदात मिसळल्याने कोणाच्या मनात काय चालले आहे, हे वाचकाला कळत नव्हते. तिरपी अक्षरे वापरूनही गोंधळ टिकला, वैताग आला.

अखेर प्रथम प्रत्येकाचे विचार सलग एकत्र केले. मग एका पात्राच्या मनातून दुसऱ्याच्या मनात जाण्यासाठी सर्वांना दिसणारी वस्तू, सातबाऱ्याचा उतारा, निवडली. थोरला तो सुमनपुढे सरकवतो, तिथे परिच्छेद संपतो. पुढचा तिच्या नावाने आणि फक्त तिलाच जाणवेल अशा गोष्टीने सुरू होतो: ‘उताऱ्यात नवऱ्याचे नाव शोधताना सुमनचा घसा कोरडा पडला.’ त्यानंतर थोरल्याच्या मनात परतायचे नाही. त्याचा राग सुमनला आवळलेल्या मुठीतूनच दिसतो. आईची पाळी शेवटी, उतारा तिच्या हाती आल्यावर.