फिशरच्या ऑपरेशननंतर शौचावरचा ताबा सुटू नये म्हणून काय करावे

फिशरचं, म्हणजे गुदद्वाराला पडलेल्या चिरेचं, किंवा मूळव्याधीचं ऑपरेशन झाल्यावर गॅस रोखता न येणं, अंतर्वस्त्राला डाग लागणं, क्वचित शौचच निसटणं हे त्रास सगळ्यांना होत नाहीत. पण ज्याला होतात तो बहुधा घरातही सांगत नाही. हा धोका किती, याचा बराचसा निकाल ऑपरेशनच्या आधीच लागलेला असतो: कोणाचा स्नायू कापायचा, किती कापायचा आणि मुळात कापायचा का. म्हणून हा लेख ऑपरेशनच्या आधी सुरू होतो. भर फिशरवर आहे, कारण स्नायू मुद्दाम कापला जातो तो त्यातच.

गुदद्वाराभोवती दोन स्नायू कड्यांसारखे असतात. बाहेरचा आपल्या हुकमातला. लग्नाच्या पंगतीत गॅस आवळून धरतो तो हा. आतला मात्र आपल्या इच्छेवर चालत नाही. तो झोपेतही आवळलेला असतो आणि एरवी दार बंद राहतं ते मुख्यतः त्याच्यामुळे. फिशरमध्ये चिरेच्या वेदनेने हा आतला स्नायू आणखी आखडतो, त्यामुळे चिरेला रक्त कमी पोचतं आणि ती भरत नाही. शस्त्रक्रियेत या स्नायूचा खालचा थोडा भाग बाजूने कापून त्याचा ताण सोडवतात. कागदावर तिचं नाव ‘लॅटरल इंटर्नल स्फिंक्टरोटॉमी’ असं असतं, थोडक्यात एलआयएस. उपाय फार गुणकारी आहे, शंभरात नव्वदहून जास्त जणांची चीर भरते. पण कापलेला आतला स्नायू पहिल्यासारखा सांधत नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात दीर्घकाळ काही ना काही गळती राहिलेले रुग्ण सुमारे १४ टक्के निघाले. त्यातल्या बहुतेकांची तक्रार गॅस किंवा डागांची होती. घट्ट शौच निसटण्याचं प्रमाण एक टक्क्याच्या आत होतं.

उदाहरण म्हणून एका काल्पनिक बाईंना शोभाताई म्हणू. वय ४१, दोन बाळंतपणं, पहिल्या वेळी चिमटा लावून प्रसूती आणि टाके. तीन महिन्यांपासून संडासच्या वेळी काच फिरल्यासारखं दुखतं. एका डॉक्टरांनी सांगितलं, ‘लेझरने करून टाकू, संध्याकाळी घरी.’

पायरी १ : ऑपरेशनआधीची स्थिती लिहून काढा

दोन आठवडे रोज तीन गोष्टी वहीत टिपा. गॅस नकळत सुटला का? पातळ शौच आवरायला धावावं लागलं का? कपड्याला डाग लागला का? शोभाताईंच्या वहीत ‘खोकताना गॅस सुटतो’ अशी नोंद आठवड्यातून दोन-तीनदा आली. त्यांना वाटत होतं, वय झालं की सगळ्याच बायकांचं असं होतं. डॉक्टरांच्या लेखी मात्र ही सगळ्यात मोलाची माहिती आहे. ज्याचा ताबा आधीच ढिला आहे त्याचा आणखी स्नायू कापणं म्हणजे मोडक्या फाटकाची कडीही काढून टाकणं.

याच वहीत हेही लिहा: किती बाळंतपणं झाली, चिमटा किंवा मोठी फाट होती का, पूर्वी भगंदर, मूळव्याध किंवा फिशरचं ऑपरेशन झालं का, मधुमेह किंवा मणक्याचा आजार आहे का, वारंवार जुलाब होतात का. ‘नॉर्मल डिलिव्हरी’ एवढंच सांगून थांबू नका. १९९३ मध्ये इंग्लंडमध्ये पहिलटकरणींच्या गुदद्वाराच्या स्नायूंची सोनोग्राफी करून पाहिली तेव्हा योनीमार्गे प्रसूत झालेल्यांपैकी सुमारे एक-तृतीयांश जणींच्या स्नायूत इजा आढळली. त्यातल्या बहुतेकींना तिची काहीच जाणीव नव्हती. शिवाय बायकांचा स्नायू पुढच्या बाजूला मुळातच आखूड असतो.

पायरी २ : मलमाला पूर्ण मुदत द्या

जुन्या फिशरवर पहिला उपाय म्हणजे आतला स्नायू सैलावणारं मलम, बहुधा दोन टक्के डिल्टियाझेम. हरभऱ्याएवढं मलम गुदद्वाराच्या कडेला आणि किंचित आत, दिवसातून दोनदा, सहा ते आठ आठवडे लावायचं असतं. दहाव्या दिवशी दुखणं कमी होतं आणि लोक ट्यूब बाजूला ठेवतात. चीर तेव्हा भरलेली नसते. महिन्याभरात दुखणं परत आलं की ‘मलमाचा उपयोग झाला नाही’ असा निष्कर्ष निघतो आणि तारीख ठरते. दुसरं मलम नायट्रोग्लिसरिनचं. त्याने डोकं दुखू शकतं. सिल्डेनाफिलसारखी लैंगिक शक्तीची गोळी घेणाऱ्याने ते लावू नये, रक्तदाब धोकादायक खाली जातो.

मलमासोबत शौच पिकलेल्या केळ्याइतकं मऊ हवं. रात्री एक-दोन चमचे इसबगोल आणि त्यावर मोठा पेला भरून पाणी घ्या. शौचानंतर दहा-पंधरा मिनिटं साध्या कोमट पाण्याच्या टबात बसा. मलमाने निम्म्याहून जास्त जणांची चीर भरते, म्हणजे त्यांच्या स्नायूला सुरी लागतच नाही. नाही भरली तर बोटॉक्सचं इंजेक्शन आहे. त्याने स्नायू सुमारे तीन महिने सैल राहतो. गळती झालीच तर बहुधा औषधाचा असर उतरला की तीही थांबते.

चीर बाजूला असेल, एकाहून जास्त असतील किंवा त्या मानाने दुखत नसेल, तर आतड्याचा क्रोन आजार, क्षय किंवा अन्य संसर्ग शोधल्याशिवाय स्नायू कापू देऊ नका.

पायरी ३ : सर्जनला नेमकं विचारा

‘धोका आहे का?’ असं विचारलं की ‘काही होत नाही हो’ हेच उत्तर मिळतं. प्रश्न असे विचारा.

स्नायू कुठपर्यंत कापणार? चिरेच्या वरच्या टोकापर्यंत कापणं, त्याहून वर न जाणं, ही आजची सावध पद्धत. जास्त उंच कापलं तर चीर थोडी खात्रीने भरते, पण गळतीही वाढते.

बाजूने कापणार की मागच्या मधल्या रेषेवर? मागे कापलं की तिथे कुलपाच्या भोकासारखी खाच उरू शकते आणि तिच्यातून ओल झिरपत राहते. म्हणून बाजूचा छेद.

बोटांनी ताणणार का? भूल देऊन गुदद्वार ताणण्याची पद्धत ब्रिटिश सर्जन लॉर्ड यांनी १९६८ मध्ये मूळव्याधीसाठी मांडली. फिशरसाठीही तशीच ताणाताण होत राहिली. ताणल्याने स्नायू कुठे आणि किती फाटेल यावर कोणाचंच नियंत्रण नसतं. उत्तर ‘हो, थोडं ताणतो’ असं आलं तर दुसरं मत घ्या.

लेझरने नक्की काय कापणार? लेझर हे हत्यार आहे, ऑपरेशनचं नाव नव्हे. लेझरने स्नायू कापला तरी तो कापलेलाच. पाटीवरच्या ‘टाके नाहीत, कापाकापी नाही’ यावर जाऊ नका, संमतीपत्रावर स्फिंक्टरोटॉमी लिहिली आहे का ते बघा.

शोभाताईंनी वही दुसऱ्या सर्जनकडे दाखवली. त्यांनी बोटाने तपासलं तर आवळ कमी लागली, म्हणून गुदमार्गातून सोनोग्राफी झाली. बाहेरच्या स्नायूत पुढच्या बाजूला जुनी फट दिसली. त्यांचं फिशर आखडलेल्या स्नायूमुळे नव्हतंच, त्यामुळे स्नायू कापून उपयोग थोडा आणि नुकसान नक्की. मलमाचे आठ आठवडे पूर्ण करूनही चीर भरली नाही, तेव्हा शेजारच्या त्वचेची छोटी झडप सरकवून चीर झाकली. त्याला फ्लॅप म्हणतात. स्नायूला हात लागला नाही. सरसकट सगळ्यांची सोनोग्राफी करायची गरज नाही. बाळंतपणात इजा, आधीचं ऑपरेशन किंवा आताच गळती असेल तर मात्र ती मागून घ्या. एकदा स्फिंक्टरोटॉमी होऊन फिशर परत आलं असेल तर सोनोग्राफीशिवाय दुसऱ्यांदा कापूच नये.

मूळव्याधीच्या ऑपरेशनमध्ये स्नायू कापायचा नसतो. पण मोड वर ओढून कापताना आतल्या स्नायूचे धागे त्यासोबत येऊ शकतात. काही जण दुखणं कमी व्हावं म्हणून सोबत स्फिंक्टरोटॉमीही उरकतात, ते आधी विचारून घ्या. लहान मोडांना रबर बँड लावता येत असेल तर स्नायूचा प्रश्नच येत नाही.

पायरी ४ : ऑपरेशननंतरची ओल ओळखा

पाचव्या दिवशी शोभाताई घाबरल्या, पॅडवर पिवळसर ओल होती. तिला शौचाचा वास नव्हता, रंगही पाणचट. ही जखमेची लस. जखम भरायला चार ते सहा आठवडे लागतात आणि तोवर ती येते. घडी केलेला गॉज लावा, तो बदलत राहा, कातडीला झिंक ऑक्साइड लावा. सहाव्या आठवड्यात त्यांची ओल थांबली.

ओल तपकिरी असेल तर आधी रेचकाकडे बघा. शौच मऊ व्हावं म्हणून दिलेलं सिरप दुप्पट घेतलं जातं आणि पातळ शौच चांगला स्नायूही धरू शकत नाही. डॉक्टरांना विचारून सिरप कमी करा, इसबगोल चालू ठेवा. ते घट्ट शौच मऊ करतं, तसं पातळ शौचाला बांधतंही. उलट तीन-चार दिवस शौच नाही, पोट-गुदद्वार जड आणि मग अचानक पाण्यासारखी गळती असेल तर आत खडा अडकून बाजूने पाणी झिरपत असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी जुलाब थांबवणारी गोळी घेतली तर खडा आणखी घट्ट बसेल. सर्जनला फोन करा.

ताप, वाढत जाणारं दुखणं, लघवी न होणं किंवा थांबत नाही इतकं रक्त असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पायरी ५ : गळती रेंगाळली तर

पहिल्या काही आठवड्यांतली गॅसची गळती बहुतेकांची सूज उतरेल तशी कमी होते. दुखणं ओसरल्यावर, सर्जनला विचारून, आवळण्याचा व्यायाम सुरू करा. गॅस रोखतो तसं पाच सेकंद आवळा, दहा सेकंद सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखू नका, मांड्या आणि नितंब आवळू नका. या व्यायामाने कापलेला आतला स्नायू परत येत नाही, बाहेरचा बळकट होऊन त्याची उणीव काही प्रमाणात भरून काढतो. फरक कळायला दोन-तीन महिने जातात.

तीन महिन्यांनंतरही पॅड लागत असेल तर ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडे किंवा गुदविकारतज्ज्ञाकडे जा. सोबत तीच वही न्या, ऑपरेशनआधीच्या पानांसह, आणि डिस्चार्ज कार्डही. कोणता स्नायू किती कापला हे त्यावर लिहिलं नसेल तर ऑपरेशनची सविस्तर नोंद मागून घ्या. पुढची सोनोग्राफी, गुदद्वाराच्या दाबाची तपासणी, यंत्रावर बघत आवळायला शिकवणारं बायोफीडबॅक किंवा क्वचित स्नायूची दुरुस्ती यातलं काय करायचं, ते त्या नोंदीवरून ठरवणं सोपं जातं.